ओट्यावरचा संवाद, एक कॅमेरा आणि ओलांडलेली रेषा

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही मित्रांनी शॉर्ट फिल्म केली. ओट्यावर आप्पा आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसून जेवताहेत, वावर विकायचं की नाही यावरून बोलणं वाढतं, मधे माय भाकरी घेऊन येते. एकच कॅमेरा, सगळे टेक वेगवेगळे. एडिटला बसलो तर दोघं एकमेकांशी बोलतात असं वाटतच नाही, दोघंही उजवीकडेच बघतात. ताटातली भाकरी तर कधी कमी होते, कधी वाढते. परत शूट करावं लागेल का? कसं करायचं? (पाठवलेली क्लिप आणि नकाशा सोबत आहे.)

उत्तर:

नकाशा पाठवलात ते बरं केलं, त्यावरून घोळ लगेच सापडला. सगळं परत शूट करायची गरज नाही. मुलाच्या बाजूचे शॉट परत घ्या, माय दारात येते तो एक शॉट नवा घ्या, बाकीचं बरंचसं वाचेल.

तुमचं घर पूर्वेला तोंड करून आहे. ओट्याच्या दक्षिण टोकाला खांबाला टेकून आप्पा, उत्तर टोकाला मुलगा, मधे ताटं. आप्पांच्या डोळ्यांपासून मुलाच्या डोळ्यांपर्यंत एक दोरी ताणली आहे असं धरा. आपण जिला रेषा म्हणतो ती हीच, आणि सगळे शॉट तिच्या एकाच बाजूने घ्यायचे असतात. तुमचा वाइड अंगणातून घेतलेला आहे, म्हणजे कॅमेरा दोरीच्या पूर्वेला. तिथून बघितलं की आप्पा फ्रेममध्ये डावीकडे आणि उजवीकडे बघणारे, मुलगा उजवीकडे आणि डावीकडे बघणारा. प्रेक्षकाने हे पहिल्या पाच सेकंदात मनात बसवून घेतलं. आप्पांचे क्लोजही तुम्ही अंगणातूनच घेतलेत, ते बरोबर आहेत.

मुलाचे क्लोज मात्र तुम्ही घराच्या दारातून, म्हणजे दोरीच्या पश्चिमेकडून घेतलेत. कारणही समजतं: अंगणातून मुलावर कॅमेरा लावला की त्याच्या मागे शेजाऱ्यांची निळी प्लास्टिकची टाकी येते, आणि दारातून लावला की गल्लीतला निंब येतो. फ्रेम म्हणून ती खरंच देखणी आहे. पण दारातून बघितलं की मुलगा फ्रेमच्या डाव्या बाजूला जातो आणि उजवीकडे बघायला लागतो. आप्पाही उजवीकडेच बघताहेत. त्यामुळे दोघंही गल्लीतल्या कुणा तिसऱ्याशी बोलताहेत असं वाटतं. अभिनय कितीही चांगला असला तरी हे झाकलं जात नाही.

एडिटमध्ये याची एक सोपी चाचणी आहे. आप्पांचा क्लोज एका ट्रॅकवर ठेवा, त्याच्या वरच्या ट्रॅकवर मुलाचा ठेवा आणि वरच्याची ओपॅसिटी पन्नास टक्के करा. दोन चेहरे फ्रेमच्या दोन अर्ध्या भागांत आले आणि एकमेकांकडे बघताना दिसले तर शॉट जुळतात. एकाच भागात एकावर एक बसले, किंवा दोन्ही नाकं एकाच दिशेला असली, तर रेषा ओलांडली गेली आहे. हीच चाचणी लोकेशनवर मोबाइलच्या दोन फोटोंनीही होते. फोटो शेजारी शेजारी धरले की कळतं. दुसरा अँगल लावल्यावर लाइट हलवण्याआधी ही चाचणी करायची.

आता कुणीतरी तुम्हाला सांगेल की मुलाचा शॉट सरळ फ्लिप करा, आरसा दाखवल्यासारखा उलटा करा. कधी कधी ते चालतं, पण जेवणाच्या सीनमध्ये फार जपून. फ्लिप केला की मुलगा डाव्या हाताने जेवायला लागेल. आपल्याकडच्या प्रेक्षकाला बाकी काही दिसलं नाही तरी डाव्या हाताचा घास दिसतोच. शिवाय सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर जातो, भांग बदलतो, मागे उभ्या मोटरसायकलचा नंबर उलटा दिसतो. ज्या क्लोजमध्ये फक्त चेहरा आहे, खिसा आणि हात फ्रेमबाहेर आहेत, मागे अक्षरं नाहीत, तेवढे एकदोन तुकडे फ्लिप करून वापरा. तरीही एक अडचण राहते. दारातून बघताना मुलाच्या मागे उन्हातली गल्ली आहे आणि चेहरा अंधारात. आप्पांच्या शॉटमध्ये मागे सावलीतली भिंत आहे. दिशा फ्लिपने सुधारते, उजेड सुधारत नाही. म्हणून मी तरी मुलाची बाजू परत घ्या असंच म्हणेन.

परत घेताना कॅमेरा कुठे ठेवायचा ते बघू. आप्पांचा चेहरा दिसायला हवा असेल तर कॅमेरा मुलाच्या डाव्या खांद्यामागे, अंगणाच्या बाजूला. मुलाचा चेहरा हवा असेल तर आप्पांच्या उजव्या खांद्यामागे, तोही अंगणाच्याच बाजूला. एकाचा डावा खांदा आला की दुसऱ्याचा उजवा यायला हवा. दोन्ही शॉटमध्ये डावे खांदे आले तर समजा की कॅमेरा घरात शिरला. खांदा सोडून नुसता क्लोज घेताना कॅमेरा पुढे सरकतो, पण दोरीची बाजू तीच राहते. दोरीच्या जितकं जवळ जाल तितके दोन्ही डोळे दिसतात आणि जितकं लांब जाल तितका चेहरा बाजूने दिसतो. दोघांच्या क्लोजमध्ये हे अंतर सारखं ठेवा. आप्पांचे दोन्ही डोळे आणि मुलाचा एकच डोळा, असं झालं तर आपोआप आप्पा खरे आणि मुलगा लपवाछपवी करणारा वाटायला लागतो. तुमच्या गोष्टीत तसं काही नाही.

लेन्स, अंतर आणि उंची दोन्ही बाजूंना एकच ठेवा. आप्पांना ५० मिलिमीटरवर घेतलं असेल तर मुलालाही ५०वरच, आणि टेप लावून तेवढ्याच अंतरावरून. उंचीत ओट्यामुळे गफलत होते. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतात. ओटा अडीच फूट उंच असेल तर अंगणात उभ्या ट्रायपॉडवर लेन्स पाच फुटांवर हवी, पण तोच ट्रायपॉड ओट्यावर चढवला की ती अडीच फुटांवर आणावी लागते. बरेच जण पाय जरा आखूड करतात आणि तेवढ्यावर सोडतात. मग आप्पा समोरून दिसतात आणि मुलगा वरून, आणि सीनभर मुलगा ऐकून घेणारा, लहान वाटत राहतो. तुमच्या क्लिपमध्ये हेही थोडं झालं आहे. लेन्सच्या मध्यापासून खालच्या फरशीपर्यंत टेप लावा आणि आकडा वहीत लिहा.

निळ्या टाकीचं काय? कॅमेरा हलवण्याऐवजी माणूस हलवा. याला सेटवर चीट करणं म्हणतात. मुलाला दोन फूट पुढे, अंगणाच्या कडेला सरकवा आणि अंगाने किंचित वळवून बसवा. वाइडमध्ये तो भिंतीजवळ होता हे क्लोजमध्ये कुणाला आठवत नाही, नजर जुळली की झालं. तरीही टाकीचा कोपरा आलाच तर कपाशीची दोनतीन गोणपाटं किंवा वाळत घातलेली गोधडी आड करा. वाइडमध्ये ती गोधडी नव्हती म्हणून घाबरू नका, कारण वाइडमध्ये तो कोपरा फ्रेमबाहेरच आहे. आधी वाइड लावून तेवढं तपासा.

आता माय. ती दारातून येते, दार दोरीच्या पश्चिमेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या समोर, दोघांच्या मधे. ती आल्यावर एका रेषेच्या तीन होतात: आप्पा आणि मुलगा, आप्पा आणि माय, मुलगा आणि माय. पण कॅमेरा अंगणातच राहिला तर तिन्ही सांभाळणं कठीण नाही. मायचा क्लोज अंगणातून घेताना ती आप्पांशी बोलली की तिची नजर, कॅमेऱ्यामागून बघताना, लेन्सच्या डावीकडे आणि मुलाशी बोलली की उजवीकडे. हे लिहून तिला सांगा, कारण क्लोजच्या वेळी समोर खरे आप्पा बसलेले नसतात, तिथे लाइटचा स्टँड असतो. लेन्सच्या डावीकडे आणि उजवीकडे, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन स्टँडवर टेपचा एकेक तुकडा लावा. हा आप्पा, हा मुलगा. ती उभी आहे, ते बसलेत, म्हणून नजर खाली जायला हवी. तुमच्या क्लिपमध्ये ती भाकरी वाढताना समोर सरळ बघते आणि त्यामुळे ती कुणाला वाढते तेच कळत नाही.

निंबाची फ्रेम हातची घालवायची नसेल तर मायच्या येण्यातच त्याची सोय आहे. कॅमेरा दारात ठेवा. माय कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे ओट्यावर जाते, तिच्या पाठीमागून दोघं दिसतात: आता मुलगा डावीकडे, आप्पा उजवीकडे, मागे निंब. प्रेक्षकाने मायबरोबर घरातून बाहेर पाऊल टाकलं, त्यामुळे बाजू बदलली ती त्याच्या डोळ्यांसमोर बदलली आणि त्याला ती खटकत नाही. पण मग इथून पुढे दोघांचेही शॉट घराच्या बाजूनेच लागतील. तुमचे दारातून घेतलेले मुलाचे क्लोज सीनच्या या दुसऱ्या अर्ध्यात जसेच्या तसे बसतात, फक्त आप्पांचे त्या अर्ध्यातले क्लोज दारातून परत घ्यावे लागतील. म्हणजे पहिल्या अर्ध्यासाठी मुलगा अंगणातून, दुसऱ्या अर्ध्यासाठी आप्पा दारातून. गोष्टीतही ते बसतं. माय आल्यावर भांडण घरातलं होतं आणि कॅमेराही घरातून बघायला लागतो.

शेवटी मुलगा ताट सरकवून उठतो आणि अंगणात मोटरसायकलजवळ जातो. इथे जुनी दोरी तुटली, नवी दोरी आप्पांपासून मोटरसायकलपर्यंत. त्याचं उठणं, पायरी उतरणं आणि थांबणं एका शॉटमध्ये, न कापता दाखवा. तो कुठून कुठे गेला हे प्रेक्षकाने बघितलं की त्या शॉटच्या अखेरीस कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे, तोच पुढचा कायदा. तुम्ही मधे कट केला आहे: ओट्यावर उठताना दिसतो आणि पुढच्या शॉटला एकदम गाडीजवळ, तोंड भलतीकडे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हा नियम मोडणारे मोठे दिग्दर्शक आहेत. जपानचे यासुजिरो ओझू तर ही रेषा सर्रास ओलांडत. पण ते प्रत्येक वेळी एकाच शिस्तीने ओलांडत, नट जवळजवळ लेन्समध्ये बघत आणि प्रेक्षकाला त्याची सवय होई. सीनमधल्या एकाच माणसाच्या बाबतीत रेषा ओलांडली की ती शैली दिसत नाही, चूकच दिसते.

आता भाकरी. तुमच्या ताटात शेवभाजी आहे, आणि तिच्याइतका कंटिन्युइटीचा वैरी दुसरा पदार्थ नाही. शेव रश्श्यात पडली की काही मिनिटांत फुगते, तर्री ती पिऊन घेते, आणि दहा मिनिटांनी ताटात दुसरीच भाजी दिसते. म्हणून रस्सा आणि शेव वेगळी ठेवा आणि प्रत्येक टेकच्या आधी, कॅमेरा सुरू करायच्या क्षणी, मोजून चमचाभर शेव घाला. वाटी तीच, रश्श्याची पातळी वाटीच्या आत पेन्सिलने केलेल्या खुणेपर्यंत.

भाकरीचा हिशोब आधी करा. एक वाइड, दोन खांद्यावरचे, दोन क्लोज असे पाच अँगल आणि प्रत्येकाचे तीन टेक धरले तर पंधरा टेक होतात. सीनभरात प्रत्येक जण अर्धी भाकरी खातो असं असेल तर एकेकाला साडेसात भाकरी, म्हणजे नटाच्या पोटाच्या बाहेरचं काम. त्यामुळे घास ठरवा, आणि कमी ठरवा. तुमच्या वाइडमध्ये आप्पा जवळजवळ प्रत्येक वाक्याला घास मोडतात. सीनभरात आप्पांचे चार आणि मुलाचे दोन घास पुरे आहेत, आणि प्रत्येक घास एका शब्दाला बांधा. ‘सातबारा’ या शब्दाआधी आप्पा भाकरी मोडतात, मुलाच्या ‘भाव’ या शब्दावर घास तोंडात जातो, मुलाचं वाक्य संपेपर्यंत चावतात, स्वतः बोलताना तोंड रिकामं. संहितेच्या समासात हे पेन्सिलने लिहा. वाइडचा जो टेक तुम्ही पसंत कराल त्यात जे घडलं तो कायदा. पुढच्या टेकमध्ये नटाला काही सुंदर सुचलं, पाण्याचा तांब्या उचलावासा वाटला, तरी वाइडमध्ये तांब्या उचललेला नसेल तर उचलायचा नाही.

हे काटेकोर का करायचं ते तुमच्या नकाशातच दिसतं. मुलाच्या शॉटमध्ये पुढे जो खांदा येतो तो आप्पांचा उजवा, म्हणजे जेवणारा हात त्याच खांद्याचा. आप्पांचा चेहरा दिसत नाही, पण प्रत्येक घासाला खांदा हलतो. आप्पांच्या क्लोजमध्ये हात वर जात असताना तुम्ही कापलंत आणि मुलाच्या शॉटमध्ये खांदा गप्प असला तर झटका बसतो. प्रेक्षकाला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण त्याची नजर एका क्षणापुरती सीनमधून निसटते. उलट घास वर जाताना अर्ध्यावर कापलं आणि पुढच्या शॉटमध्ये खांद्याने ती हालचाल पूर्ण केली तर कट दिसतच नाही. मुलाचा जेवणारा हात भिंतीच्या बाजूला आहे, त्यामुळे आप्पांच्या शॉटमध्ये ही अडचण जवळजवळ नाही. म्हणून खांद्यामागच्या आप्पांवर लक्ष ठेवायला एक माणूस बसवा, त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला आणि शेवटी त्याने मोबाइलवर ताटाचा आणि दोघांचा फोटो काढायचा आणि आधी पाटीचा फोटो घ्यायचा, म्हणजे कोणता टेक ते नंतर कळतं.

बोलण्याचंही तेच. वाइडमध्ये आप्पा ‘वावर इकानं नही’ म्हणतात आणि क्लोजमध्ये ‘वावर विकायचं नाही’. अहिराणी आणि शाळेची मराठी अशी टेकगणिक बदलली तर खांद्यामागून दिसणारा जबडा आणि आवाज जुळत नाहीत, आणि गावचा प्रेक्षक तर लगेच हसतो. एकदा ठरवा आणि तेच शब्द ठेवा. मधूनच टेक सुरू करायचा असेल तर हव्या त्या वाक्याच्या एक वाक्य आधीपासून सुरू करा, म्हणजे कापायला जागा मिळते.

उजेडाचं थोडक्यात. घर पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळी ओट्यावर ऊन असतं आणि सावलीची कड दुपारपर्यंत बाहेर, अंगणाकडे सरकत राहते. तुमच्या वाइडमध्ये ऊन आप्पांच्या गुडघ्यावर आहे, क्लोजमध्ये नाही. मेच्या अखेरीस आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो आणि तो कलला की ओटा घराच्या सावलीत जातो. दीड-दोनपासून साडेपाचपर्यंतचा उजेड ओट्यावर बराच स्थिर असतो, हा सीन तेव्हाच घ्या. पण आता तुमच्याकडे जे आप्पांचे क्लोज आहेत ते सकाळचे असतील, तर मुलाची बाजूही सकाळी त्याच वेळेला घ्यावी लागेल. फायलींवरची वेळ बघा. ज्या तासात आप्पा घेतले त्याच तासात मुलगा, आणि काही दिवसांच्या आत, कारण दोन महिन्यांनी ऊन दुसऱ्याच कोनातून येईल.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट टेकगणिक वाढत जाते, घाम. पहिल्या टेकला आप्पांचा सदरा कोरडा आणि सातव्याला पाठीवर नकाशा. घाम पुसत बसण्यापेक्षा पहिल्याच टेकला पाण्याच्या फवाऱ्याने पाठ आणि काखा ओल्या करा आणि तेवढ्याच ठेवा. आता मुलाच्या बाजूला आप्पांची पाठ आणि खांदा पुढे येणार आहे, तर जुन्या आप्पांच्या फोटोंत सदरा किती ओला होता ते बघून तेवढाच भिजवा. तोच सदरा हवा, धुऊन उजळलेला नको.

निघायच्या आधी ओट्यावर सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून नुसता आवाज रेकॉर्ड करा. पंखा, कबुतरं, लांबचा ट्रॅक्टर, जे असेल ते. जुन्या आणि नव्या शॉटच्या जोडावर तो खालून सलग लावला की जोड कानाला लागत नाही. आणि जाण्याआधी आप्पांच्या आवडत्या क्लोजचा एक स्थिर फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. मुलाचा शॉट लावल्यावर तो मॉनिटरच्या शेजारी धरा. दोघं एकमेकांकडे बघताना दिसले की मगच ‘रोल’ म्हणा.